रंग नाही, वास नाही, म्हणून हवा? डिचोलीतल्या एका बुखोल्झ अलार्मचं प्रकरण

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका कारखान्याचा हा ट्रान्सफॉर्मर. ३३/११ केव्ही, ५ एमव्हीए, पोटात साधारण ४,००० लिटर तेल, पंखा नाही, पंप नाही. कारखान्यात इंडक्शन फर्नेस असल्यामुळे लोड एक तर भरपूर, नाही तर अगदी कमी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पावसाआधीचा नेहमीचा शटडाउन झाला. दोन रेडिएटर व्हॉल्व्हची गॅस्केटं झिरपत होती, ती बदलली. कमी झालेलं तेल भरलं, ब्रीदरमधलं गुलाबी पडलेलं सिलिका जेल काढून निळं घातलं. शिवाय ११ केव्हीचा व्होल्टेज संध्याकाळी कमी पडतो अशी तक्रार होती, म्हणून वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करणारा ऑफ-सर्किट टॅप स्विच ३ वरून ४ वर नेला. शटडाउनच्या नोंदीत हे शेवटचं काम एका ओळीत उरकलेलं आहे. पुढचं सगळं प्रकरण त्याच ओळीत दडलेलं होतं.

८ मेला ट्रान्सफॉर्मर चालू झाला. १७ तारखेला बुखोल्झ रिलेचा, म्हणजे टाकीतून वर येणारा गॅस पकडणाऱ्या डब्याचा, अलार्म वाजला. शिफ्टवाल्यांनी काचेतून पाहिलं तर वरचा भाग गॅसने भरलेला. गॅस बाहेर सोडला आणि लॉगबुकात लिहिलं: 'रंग नाही, वास नाही, हवा सोडली.' २६ तारखेला तोच अलार्म पुन्हा आला. मग मला बोलावणं आलं.

गेल्या गेल्या फोरमनकाका म्हणाले, "साहेब, मेमध्ये तेल भरलं ना, त्याची हवा राहिलीय. दोन-चार वेळा येईल नि थांबेल." त्यांचं म्हणणं चूक होतं असं नाही. गॅस्केट बदलल्यावर, वरून तेल ओतल्यावर रेडिएटरच्या डोक्यात आणि बुशिंगच्या खालच्या कोपऱ्यांत हवा अडकते. तेल तापून फिरू लागलं की ती सुटते आणि रिलेत येऊन बसते. अशा अलार्मांनी किती तरी रात्री लोकांची झोप मोडलेली आहे. पण अडकलेली हवा ही मर्यादित असते. पहिल्यांदा २०० सीसी आली, तर पुढच्या खेपेला तेवढीच जमायला जास्त दिवस लागायला हवेत, आणि मग ती संपायलाच हवी. इथे पहिला अलार्म नऊ दिवसांनी आला, दुसराही नऊच दिवसांनी. अंतर वाढत नाही याचा अर्थ गॅस कुठून तरी नव्याने येतोय. आता तो बाहेरून येतोय की आतच तयार होतोय, एवढंच शोधायचं होतं.

रिलेच्या रचनेबद्दल थोडं, कारण पुढचा सगळा तर्क तिच्यावर उभा आहे. मुख्य टाकी आणि तिच्या वर बसवलेली तेलाची छोटी टाकी, म्हणजे कॉन्झर्व्हेटर, यांना जोडणाऱ्या पाइपात हा डबा बसवलेला असतो. पाइपाला कॉन्झर्व्हेटरकडे ३ ते ७ अंशांचा चढ दिलेला असतो, त्यामुळे टाकीतून वर येणारा प्रत्येक बुडबुडा या डब्यातूनच जातो आणि तिथेच अडकतो. १९२१ पासून, म्हणजे माक्स बुखोल्झने तो काढला तेव्हापासून, मूळ कल्पना बदललेली नाही. वरचा फ्लोट गॅस जमला की खाली येतो आणि अलार्म देतो. खालच्या भागात एक झडप असते. टाकीतून तेलाचा लोंढा कॉन्झर्व्हेटरकडे धावला की ती ढकलली जाते आणि थेट ट्रिप देते. या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरला ५० मिलिमीटर पाइपाचा रिले असतो. आयएस ३६३७ प्रमाणे त्याचा अलार्म १७५ ते २२५ सीसी गॅसवर यावा आणि ट्रिप ७५ ते १४० सेंटिमीटर प्रति सेकंद या तेलवेगाच्या दरम्यान व्हावी. म्हणजे एकाच डब्यात दोन वेगवेगळे साक्षीदार आहेत: वरचा सावकाश साठणाऱ्या गोष्टी सांगतो, खालचा अचानक घडलेल्या. दोघांची साक्ष वेगवेगळी घ्यायची असते. लोक ती एकत्र करतात आणि घोटाळा होतो.

दुसऱ्या अलार्मच्या वेळी आधी कॉन्झर्व्हेटरची पातळी पाहिली. तेल फार खाली गेलं तर रिले स्वतःच रिकामा होतो आणि गॅस नसतानाही फ्लोट खाली येतो. गोव्यात पहिल्या सरींच्या दिवसांत हे हमखास होतं. दुपारी तापलेल्या टाकीवर धो धो पाऊस कोसळतो, तेल आकसतं, आणि आधीच कमी असलेली पातळी पाइपाच्या खाली जाते. इथे पातळी ठीक होती आणि काचेत गॅस स्पष्ट दिसत होता, त्यामुळे तो मुद्दा तिथेच मिटला. बाहेरून हवा ओढली जातेय का, हाही प्रश्न फार वेळ टिकला नाही. या ट्रान्सफॉर्मरला तेलाचा पंप नाही, आणि कॉन्झर्व्हेटर सगळ्यात उंचावर असल्यामुळे टाकीत सगळीकडे बाहेरच्यापेक्षा जास्त दाब असतो. गॅस्केट नीट बसलं नसेल तर तेल बाहेर येईल, हवा आत जाणार नाही. टाकी खालपासून वरपर्यंत कोरडी होती.

गॅस काढायची सोय चांगली होती. रिलेपासून एक बारीक तांब्याची नळी खाली माणसाच्या उंचीवर आणलेली आणि तिच्या टोकाला गॅस गोळा करायचा डबा. त्यामुळे चालू ट्रान्सफॉर्मरवर चढायची गरज नव्हती. ज्यांच्याकडे ही नळी नाही त्यांनी शटडाउन घेतल्याशिवाय वरच्या कॉकला हात लावू नये. ५० सीसीची काचेची सिरिंज घेतली. तिचा दट्ट्या आधी ट्रान्सफॉर्मरच्याच तेलाने ओला केला, म्हणजे कडेने गळती होत नाही. तोंडाला तीन वाटांचा कॉक लावला. नळीत अडकून राहिलेला जुना गॅस आणि तेल आधी बाहेर सोडलं, मग दोन सिरिंज भरल्या. दट्ट्या हाताने ओढायचा नाही. आतला दाबच त्याला मागे ढकलतो, आपण फक्त धरून ठेवायचं. प्लॅस्टिकची सिरिंज चालत नाही, कारण हायड्रोजन तिच्यातून वाटेतच निसटतो आणि प्रयोगशाळेला निम्मंच चित्र मिळतं. त्याच वेळी खालच्या व्हॉल्व्हमधून तेलाचाही नमुना काचेच्या सिरिंजमध्ये घेतला. लेबलवर तारीख, वेळ, तेलाचं तापमान आणि त्या तासाचं लोड लिहिलं.

हे काम अलार्म आल्याच्या दिवशीच व्हावं लागतं. रिलेत बसलेला गॅस तिथे तसाच राहत नाही, खालच्या तेलात पुन्हा विरघळू लागतो. त्यातही जे वायू निदानासाठी सगळ्यात मोलाचे, ते इथिलिन आणि ॲसिटिलिन, तेच आधी विरघळतात.

शिफ्टच्या इलेक्ट्रिशियनने विचारलं, "साहेब, काडी लावून बघूया? पेटलं तर कळेल." जुन्या पुस्तकांत ही चाचणी आहे आणि बरेच लोक ती अजून करतात. मी नको म्हटलं. हायड्रोजन हवेत ४ टक्के असला तरी पेटतो, आणि रिलेतल्या गॅसमध्ये ऑक्सिजनही बऱ्यापैकी असतो. म्हणजे पेटणारं मिश्रण नळीतच तयार असू शकतं, ज्योत मागे पळायला वेळ लागत नाही. त्याऐवजी एका छोट्या फुग्यात थोडा गॅस घेतला, तो ट्रान्सफॉर्मरपासून दूर नेला आणि कारखान्यातला ज्वलनशील वायूचा मीटर त्याला लावला. काटा पूर्ण मापाच्या पलीकडे गेला.

हवेची गोष्ट तिथे संपली. गॅस मात्र तसाच दिसत होता: पाण्यासारखा स्वच्छ, कसलाही वास नाही. लॉगबुकातलं 'रंग नाही, वास नाही' हे निरीक्षण बरोबर होतं, त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नव्हता. बुखोल्झच्या रंगांचा एक तक्ता बहुतेक कंट्रोल रूममध्ये लावलेला असतो: पांढरा म्हणजे कागद, पिवळा म्हणजे लाकूड, काळा-करडा म्हणजे जळालेलं तेल, बिनरंगी म्हणजे हवा. पहिल्या तिन्हींत रंग असतो तो धुराचा. जिथे मोठा आर्क झाला किंवा काही जळालं तिथेच तो दिसतो. हायड्रोजन, मिथेन, इथिलिन या तिन्ही वायूंना रंग नाही. जिथे धूर न होता तेल नुसतं तापून फुटतं, तिथे हा तक्ता हमखास फसवतो. तो भिंतीवरून काढून टाका असं मी म्हणणार नाही, पण 'बिनरंगी' पुढे 'हवा' एवढंच लिहिलेलं खोडायला हवं.

गॅस सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सोडला तर पांढरा साका आला नाही. ॲसिटिलिन बऱ्यापैकी असता तर तो दिसला असता. म्हणजे निदान मोठा आर्क चालू नव्हता. ट्रिपचा सिग्नलही आलेला नव्हता. प्रयोगशाळा राज्याबाहेर, अहवाल यायला काही दिवस लागणार. तोवर बंद करायचं की चालू ठेवायचं हा प्रश्न होता.

मी चालू ठेवायला सांगितलं, पण तीन अटींवर. एक, फर्नेसचं लोड निम्म्यावर आणायचं. दोन, दर शिफ्टला गॅस सिरिंजनेच मोजायचा, कारण रिलेच्या काचेवरच्या खुणा ५० सीसीच्या होत्या आणि त्यांवरून आठ-दहा सीसीचा अंदाज येत नाही. तीन, एका शिफ्टमध्ये ५० सीसी आले किंवा ट्रिप झाली, तर कुणाला न विचारता बंद ठेवायचं. एखादा जास्त सावध माणूस तिथल्या तिथे बंद करायला सांगेल आणि त्याच्याशी मी भांडणार नाही. ॲसिटिलिनचा साका दिसला असता तर मीही बंदच केलं असतं.

या मोजमापातून अहवालाच्या आधीच बरंच कळलं. लोड कमी करण्याआधीच्या रात्री, फर्नेस पूर्ण जोरात असताना, बारा तासांत ११ सीसी गॅस आला. लोड निम्म्यावर आणल्यानंतरच्या तीन दिवसांत मिळून ४ सीसी. व्होल्टेज तोच, तेल तेच, बदलला तो फक्त करंट. कोअरमध्ये दोष असता, पत्र्यांमधलं इन्सुलेशन गेलेलं किंवा कोअरचं अर्थिंग दोन ठिकाणी झालेलं, तर तो लोडकडे पाहत नाही. व्होल्टेज असेपर्यंत गॅस येतच राहतो. इथे गॅस करंटच्या मागोमाग चालत होता, आणि करंट ज्या वाटेने जातो त्या वाटेवरच काहीतरी तापत होतं. करंट निम्मा झाला की सांध्यातली उष्णता एक चतुर्थांश होते. गॅस त्याहूनही जास्त कमी झाला, कारण तेल फुटण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने बदलतो.

१ जूनच्या रात्री वादळी पाऊस झाला आणि ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला. अलार्म पॅनेलवर: बुखोल्झ ट्रिप.

पॅनेलवर हे वाचलं की माणसाच्या पोटात गोळा येतो, त्यातही आधीच गॅस येतोय हे माहीत असताना. सगळ्यांनी गृहीत धरलं की दोष वाढला आणि आत काहीतरी उडालं. पण खालच्या साक्षीदाराची वेगळी जबानी घेतली तर चित्र निराळं निघालं. न्यूमेरिकल रिलेच्या नोंदीत आधी पंपहाउसकडे जाणाऱ्या ११ केव्ही ओव्हरहेड फीडरचा ओव्हरकरंट उठला होता. त्यानंतर साधारण १५० मिलिसेकंदांनी बुखोल्झची झडप हलली. ट्रान्सफॉर्मरच्या आतला दोष पकडणारं डिफरेन्शियल संरक्षण शांत होतं. सकाळी लाइनवर माणूस पाठवला तर माडाचं ओलं चुडत तारांवर आडवं पडलेलं.

बाहेर शॉर्ट झाला की त्याचा प्रचंड करंट ट्रान्सफॉर्मरमधूनच जातो. वाइंडिंगांवर क्षणभर जबर यांत्रिक बळ येतं, ती हिसका खातात आणि तेलही त्यांच्याबरोबर हलतं. हा हिसका पुरेसा जोरात असेल तर कॉन्झर्व्हेटरकडे जाणारं तेल झडप ढकलू शकतं, आतला एकही बुडबुडा न फुटता. आतल्या आर्कने आलेला लोंढा आणि हा हिसका यांत फरक करायचा तर मागे काय राहतं ते पाहायचं. आर्क झाला तर तो गॅस तयार करतो, आणि लोंढ्यानंतर काही मिनिटांतच रिलेचा वरचा भाग भरू लागतो. त्या रात्री आठ वाजता शिफ्टने गॅस काढून रिले रिकामा केला होता. ट्रिपनंतर तासाभराने पाहिलं तर २ सीसीही नव्हते. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उडालेला नव्हता, तेलाची पातळी हललेली नव्हती. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या तेलात ॲसिटिलिन आधीइतकंच निघालं. म्हणजे ट्रिप बाहेरच्या दोषाची होती आणि गॅसशी तिचा संबंध नव्हता.

इथे एक गोष्ट बजावायला हवी. हे सगळं तपासून झाल्यावरच मी 'संबंध नव्हता' म्हणतोय. बुखोल्झ ट्रिपनंतर 'लाइनला फॉल्ट होता ना' एवढ्या आधारावर पुन्हा चार्ज करून बघणं हे धोक्याचं काम आहे. बाहेरच्या शॉर्टच्या हिसक्यानेच वाइंडिंग सरकलेलं असू शकतं.

ट्रिपच्या दुसऱ्याच दिवशी आधीच्या नमुन्यांचा अहवाल आला. खालच्या तक्त्यात रिलेतल्या गॅसचं आणि तेलात विरघळलेल्या गॅसचं प्रमाण पीपीएममध्ये दिलं आहे. तिसऱ्या रकान्यातला गुणांक म्हणजे २० अंशाला तो वायू तेलात किती विरघळतो त्याचं माप. समतोल असेल तर रिलेतलं प्रमाण गुणिले हा गुणांक म्हणजे तेलातलं प्रमाण.

| वायू | रिलेत | गुणांक | गुणाकार | तेलात प्रत्यक्ष |
|---|---|---|---|---|
| हायड्रोजन | ६०,००० | ०.०५ | ३,००० | २२० |
| मिथेन | २२,००० | ०.४३ | ९,४६० | ४८० |
| इथेन | १,२०० | २.४ | २,८८० | १३० |
| इथिलिन | ११,००० | १.७ | १८,७०० | ७२० |
| ॲसिटिलिन | २०० | १.२ | २४० | ९ |
| कार्बन मोनॉक्साइड | ३,००० | ०.१२ | ३६० | ३१० |
| कार्बन डायऑक्साइड | २,५०० | १.०८ | २,७०० | २,४०० |

बाकीचा ९० टक्के गॅस नायट्रोजन आणि ऑक्सिजन. हे वाचून फोरमनकाका म्हणाले, "म्हणजे बहुतेक हवाच की!" आहेच, पण ती बाहेरून आलेली नाही. तापलेल्या जागेवर सुटलेला बुडबुडा वर येताना तेलाशी देवघेव करतो. त्याच्यातले वायू तेलात जातात आणि तेलात आधीपासून विरघळलेली हवा त्याच्यात शिरते. ब्रीदरमधून श्वास घेणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात आकारमानाच्या साधारण दहा टक्के हवा विरघळलेली असते. त्यामुळे रिलेपर्यंत पोचलेला बुडबुडा हा निघाला तेव्हाचा राहिलेला नसतो.

नुसता दुसरा रकाना वाचला तर हायड्रोजन सगळ्यांत पुढे दिसतो, मिथेनच्या जवळजवळ तिप्पट. असा आकडा पाहून डिस्चार्जचा संशय घेणारे अहवाल मी पाहिले आहेत. पण हायड्रोजन पुढे दिसतो तो कमी विरघळतो म्हणून. इथिलिन त्याच्यापेक्षा चौतीसपट विरघळतं, त्यामुळे ते तेलात राहून जातं आणि रिलेत थोडंच पोचतं. गुणाकाराच्या रकान्यात आणि तेलाच्या रकान्यातही क्रम बदलतो: इथिलिन पहिलं, मिथेन दुसरं, हायड्रोजन त्यांच्या मागे, ॲसिटिलिन नावापुरतं. तेलातल्या आकड्यांवरून नेहमीची गुणोत्तरं काढली तर मिथेन भागिले हायड्रोजन २.२, इथिलिन भागिले इथेन ५.५, ॲसिटिलिन भागिले इथिलिन ०.०१ च्या आसपास. आयईसी ६०५९९ च्या तक्त्यात ही तिन्ही मिळून ७०० अंशांच्या वर तापलेली जागा दाखवतात. डिस्चार्ज नाही, आर्क नाही.

शेवटचे दोन रकाने एकमेकांशी ताडून पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. हायड्रोजनपासून ॲसिटिलिनपर्यंतच्या पाचही वायूंचा गुणाकार तेलातल्या आकड्याच्या १४ ते २७ पट आहे. म्हणजे रिलेतला गॅस तेलातून सावकाश बाहेर आलेला नाही. तो ताजा आहे आणि समतोल व्हायला त्याला वेळच मिळालेला नाही. कार्बनचे दोन्ही ऑक्साइड मात्र जवळजवळ जुळतात. ते तेलात आधीपासून होते आणि बुडबुड्यात नुसते शिरले. मार्चच्या नेहमीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड २९० पीपीएम होता आणि आता ३१०. त्याच तपासणीत इथिलिन अवघं १४ होतं. कागद जळत असता तर मोनॉक्साइडही इथिलिनबरोबर धावला असता. म्हणजे तापलेली जागा उघड्या धातूवर, तेलात होती आणि वाइंडिंगच्या कागदात नव्हती. दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा. वाइंडिंग असतं तर ट्रान्सफॉर्मर वर्कशॉपला गेला असता.

एक हिशेब मला स्वतःला नेहमी चकित करतो. २०० सीसी गॅसमध्ये ११,००० पीपीएम इथिलिन म्हणजे जेमतेम २ सीसी. टाकीतल्या ४,००० लिटर तेलात ७२० पीपीएम म्हणजे जवळजवळ ३ लिटर. रिलेत पोचला तो किरकोळ हिस्सा, बाकी सगळं तेलाने गिळलं होतं. बुखोल्झ अलार्म लवकर येतो हा समज बराचसा सैल आहे. सावकाश तापणाऱ्या दोषात तेलाची तपासणी त्याच्या कितीतरी आधी बोलते. पहिल्या अलार्मला तेलाचा नमुना घेतला असता तर तेव्हाच इथिलिन शेकड्यांत दिसलं असतं.

आता करंटच्या वाटेवर, उघड्या धातूवर, मे महिन्यानंतर तापू लागलेली जागा कुठली? शटडाउनच्या नोंदीतली ती एक ओळ. ट्रिपमुळे ट्रान्सफॉर्मर बंदच होता, म्हणून ३३ केव्ही बाजूचा वाइंडिंग रेझिस्टन्स घेतला. टॅप ४ वर टर्मिनलांच्या तीन जोड्यांपैकी दोन १.१२३ ओहमच्या आणि तिसरी १.१५३. फरक २.७ टक्के. साधारणपणे २ टक्क्यांच्या वर गेला की शोधायला लागतो. हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा असतो, कारण तिन्ही फेजांची वाइंडिंगं त्रिकोणात, म्हणजे डेल्टामध्ये, जोडलेली आहेत. एका फेजचा वाढलेला रेझिस्टन्स बाकीच्या दोन फेजांच्या समांतर वाटेमुळे दबून दिसतो. उलट हिशेब केला तर त्या एका फेजमध्ये सुमारे ०.०९ ओहम जास्तीचे निघाले. त्या फेजमधून ४० अँपिअर जात असताना एवढ्याशा संपर्कबिंदूवर जवळजवळ १४५ वॉट उष्णता. टॅप ३ वर नेऊन मोजलं तर तिन्ही आकडे १.१४० वर जुळले. परत ४ वर आणल्यावर तिसरा आकडा पुन्हा वाढला, आणि या वेळी तो स्थिर राहायलाही तयार नव्हता. असा डळमळणारा आकडा खराब संपर्काचाच असतो.

तेल खाली घेतलं, तपासणीचं झाकण उघडलं. टॅप स्विचच्या त्या फेजच्या ४ नंबरच्या स्थिर काँटॅक्टवर काळा, कडक थर जमलेला, नखाने न निघणारा. हा तेल भाजून झालेला कोक. फिरता काँटॅक्ट त्याच्यावर मधोमध न बसता कडेला टेकला होता. वरच्या हँडलची कुलपाची खीळ ४ च्या भोकात बरोबर बसलेली होती, बाहेरून सगळं ठीक. पण हँडल आणि आतला दांडा यांना जोडणाऱ्या पिनचं भोक झिजलेलं. तेवढ्या ढिलेपणात दांडा काही अंश मागे राहिला. मेमध्ये टॅप बदलल्यावर त्या टॅपवर रेझिस्टन्स मोजला असता तर हे त्याच दिवशी कळलं असतं. अर्ध्या तासाचं काम आहे. टॅप पुरता शेवटपर्यंत दोन-चार वेळा पुढे-मागे फिरवून मग बसवला असता, तरी कदाचित काँटॅक्ट घासून साफ झाला असता. पण ढिल्या पिनला हा उपाय चालला नसता.

त्या फेजचे स्थिर आणि फिरते काँटॅक्ट दोन्ही बदलले, पिन नवी घातली. तिन्ही फेजांत काँटॅक्टचा दाब आणि बसण्याची जागा पाहिली आणि सगळ्या टॅपांवर रेझिस्टन्स घेऊन नोंदवला. बाहेरच्या शॉर्टचा हिसका बसलेला असल्यामुळे टर्न रेशो आणि इन्सुलेशनही मोजलं. दोन्ही ठीक निघाले. मग तेल निर्वातात तापवून गाळलं, म्हणजे जुने वायू निघून जातात आणि पुढचे आकडे शून्याच्या जवळून वाचता येतात.

चार्ज केल्यावर तिसऱ्या दिवशी रिलेत पुन्हा गॅस दिसला, ४० सीसी. शिफ्टने या वेळी तो सोडला नाही, सिरिंजमध्ये घेतला आणि मीटरला लावला. काटा हलला नाही. प्रयोगशाळेतही हायड्रोजनचा फक्त लवलेश निघाला, इथिलिन नव्हतं. पुढच्या आठवड्यात पूर्ण लोडवर १५ सीसी, त्याच्या पुढच्या आठवड्यात नुसता एक बुडबुडा. हा गॅस मात्र खरोखरच झाकण उघडल्यावर आत राहिलेली हवा होती.

तेलाचे नमुने चार्ज केल्याच्या दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने घ्यायचे ठरवले. पहिल्या दोन नमुन्यांत इथिलिन ३ वरून ११ पर्यंत चढलं आणि कारखान्यात पुन्हा चलबिचल झाली. वाइंडिंगच्या कागदाने आणि प्रेसबोर्डने शोषून ठेवलेलं जुनं तेल हळूहळू गाळलेल्या तेलात मिसळतं, त्याच्याबरोबर जुने वायूही येतात. ही वाढ काही आठवड्यांत सपाट होते. दोष शिल्लक असेल तर ती सपाट होत नाही आणि मिथेन-हायड्रोजनही तिच्याबरोबर चढतात. महिन्याच्या नमुन्यात इथिलिन १२ होतं, हायड्रोजन जागच्या जागी. फर्नेस पूर्ण लोडवर चालवायला त्यानंतर लेखी परवानगी दिली, आणि टॅप ४ वरच ठेवला.